कामवाल्या मावशींना दिवाळी बोनससोबत चिठ्ठी : मसुदा तपासून द्यावा

अबोली (धागाकर्ती)

आमच्याकडे गेली ६ वर्षे एक मावशी भांडी, केरफरशी आणि सकाळच्या पोळ्या अशी कामे करतात. पगार दरमहा ४,५०० रुपये आहे आणि दिवाळीला आम्ही एका पगाराएवढी रक्कम देतो. इतकी वर्षे पैसे नुसते हातात ठेवत आले आणि दर वेळी ते देताना आम्ही दोघीही इकडेतिकडे बघत राहतो, असे माझ्या लक्षात आले आहे. या वर्षी पाकिटात चार ओळींची चिठ्ठी घालावी, असे मनात आहे.

एक अडचण मात्र आहे. जूनमध्ये मुलीच्या फीसाठी त्यांनी ६,००० रुपये उचल घेतली. जुलैपासून दरमहा ५०० रुपये पगारातून वळते होतात, म्हणजे ४ हप्त्यांचे २,००० फिटले आणि ४,००० बाकी आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, बोनसमधून ती बाकी वळती करून घ्यावी आणि ५०० रुपये हातात द्यावेत, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचे ओझेही उतरेल. मी लिहिलेला मसुदा असा आहे :

> प्रिय मावशी,
> दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. तुम्ही आमच्या घरातल्याच एक आहात. तुमच्या प्रामाणिक सेवेबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. ही छोटीशी भेट गोड मानून घ्यावी. तुमच्या उचलीची बाकी रक्कम यातून वळती केली आहे. पुढेही अशीच सेवा कराल, ही अपेक्षा.

मावशी थोडेफार वाचतात, पण जोडाक्षरांशी अडखळतात. काही खटकत असल्यास स्पष्ट सांगावे.

सदाशिवपंत

मसुदा उत्तम आहे. मला एकच सुचवायचे आहे. पहारेकरी, पोस्टमन आणि कचरा नेणारे यांनाही पाकिटे द्यावी लागतात, तेव्हा प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी न लिहिता एकच मजकूर छापून घेतला तर श्रम वाचतील. आमच्या इमारतीत आम्ही तसेच करतो.

अबोली

पंत, मी फक्त मावशींबद्दल विचारते आहे. त्या माझ्याकडे रोज येतात, छापील चिठ्ठी त्यांना कशी देऊ?

जुना_हिशेबनीस

पंतांच्या सूचनेमुळे एक फरक स्पष्ट करण्याची संधी मिळाली. पोस्टमन किंवा कचरा नेणारे यांना आपण दिवाळीला देतो ती पोस्त. त्यांचा पगार दुसरीकडून येतो, आपण खुशीने काही देतो आणि किती द्यावे हे आपल्या मर्जीवर असते. मावशींचा पगार तुम्हीच देता, म्हणून त्यांचे पैसे ही पोस्त नसून बोनस आहे, म्हणजे बारा महिन्यांच्या कामावरचा तेरावा पगार. तुमच्या मसुद्यात त्याला ‘छोटीशी भेट’ म्हटले आहे आणि मला पहिली खटकली ती हीच जागा. भेट म्हटले की घेणाऱ्याने आभार मानायचे आणि देणाऱ्याने मोठेपण घ्यायचे, असे ओघानेच येते. बोनस म्हटले की ती कामाची रक्कम ठरते. चिठ्ठीत ‘बोनस’ हाच शब्द वापरावा. तो मावशींच्याही बोलण्यातला आहे. ‘दीपावली’ऐवजी ‘दिवाळी’ लिहावे, म्हणजे वाचताना अडणार नाहीत.

उचलीबद्दल सवडीने लिहितो, कारण खरा घोळ तिथे आहे.

मिलिंद_ठाम

इथे कायद्याचा मुद्दा कोणीच मांडलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. बोनसच्या कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के बोनस देणे सक्तीचे आहे. त्यामुळे अबोलीताईंनी कृतज्ञता वगैरे लिहिण्याची गरजच नाही; जे देणे आहे ते द्यावे. मात्र बोनस हजेरीवर ठरतो, म्हणून वर्षभरात मावशींचे जेवढे खाडे झाले असतील तेवढे त्यातून वजा करता येतात.

जुना_हिशेबनीस

मिलिंदराव, टक्केवारी तुम्ही बरोबर सांगितली. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा म्हणजेच ८.३३ टक्के, आणि ‘एक पगार’ ही चाल त्याच्याशी जुळते. परंतु त्या कायद्याची तरतूद वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. एका घरात काम करणारी बाई त्यात बसत नाही. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणीचा आणि मंडळाकडून मिळणाऱ्या लाभांचा आहे. घरमालकाने बोनस द्यावा, अशी सक्ती त्यात नाही. हा बोनस रिवाजाने चालत आलेला आहे आणि म्हणूनच तो कोणत्या शब्दांत दिला जातो याला महत्त्व येते. कारखान्यात पगारपत्रक असते, तिथे शब्दांची गरज भासत नाही.

खाडे वजा करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. मावशी आजारपणात चार दिवस आल्या नाहीत, तर त्याचा हिशेब त्या महिन्यात व्हायचा तो होऊन गेलेला असतो. तोच दिवाळीला पुन्हा काढला तर एका खाड्याचे पैसे दोनदा कापल्यासारखे होते. वर्षाच्या मध्ये कामाला लागलेल्या माणसाचे गणित वेगळे आहे. माझ्या भाच्याकडे १८,००० रुपये पगाराचा ड्रायव्हर एप्रिलपासून आहे. त्याचे ऑक्टोबरअखेर ७ महिने भरतात, म्हणून त्याला बाराव्या हिश्शाच्या सातपट, म्हणजे १०,५०० रुपये द्यायचे ठरले. हे गणित त्याला नोकरीला लागतानाच सांगितले होते. आधी न सांगता दिवाळीला पाकिटात कमी पैसे निघाले असते, तर तो काय समजला असता ते वेगळे सांगायला नको.

रानजाई

माझी आई २२ वर्षे चार घरची धुणीभांडी करत होती. तिला लिहितावाचता येत नसे, त्यामुळे तिला आलेली चिठ्ठी मी मोठ्याने वाचायची आणि सगळे घर ऐकायचे. अशा चिठ्ठ्या फक्त दोनदाच आल्या. त्यांतली एक अबोलीताईंच्या मसुद्यासारखीच होती. मी ‘आम्ही तुमचे ऋणी आहोत’ असे वाचल्यावर आई एकदम गप्प झाली आणि तिने विचारले, “ऋण म्हणजे कर्जच ना? आपलं काय राहिलंय का त्यांचं?” मी तेव्हा सहावीत होते आणि मलाही नीट सांगता आले नाही. तिने रात्रभर त्या बाईंकडून काय काय घेतले होते ते आठवून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला तो शब्द मोठा वाटला होता, आमच्या घरात तो तगाद्यासारखा ऐकू आला. अबोलीताईंच्या मावशींवर तर खरोखरच उचल आहे, तेव्हा त्यांना काय वाटेल याचा विचार करावा.

‘तुम्ही आमच्या घरातल्याच’ या वाक्याबद्दलही सांगते. आईला ते वाईट वाटायचे नाही, पण तिचा त्यावर विश्वासही बसायचा नाही, कारण त्याच घरात तिचा कप वेगळा होता. ज्या घरात कप वेगळा नाही, तिथे हे वाक्य लिहिले नाही तरी चालते.

गौरी_दामले

रानजाई, तुझा मुद्दा समजला, तरी मला तो थोडा टोकाचा वाटतो. आमच्या बाई स्वतःच सगळ्यांना सांगतात की, मी त्यांच्या घरची आहे. एखाद्याच्या मनात खरोखरच माया असेल तर त्याने ती लिहूच नये का?

रानजाई

बाईंनी स्वतः म्हटले तर ती त्यांची माया आहे. आपण लिहिले की पुढे कधीतरी सुट्टी किंवा पगारवाढ मागताना तेच वाक्य त्यांच्या आड येते. घरच्या माणसाने का मागावे, असे ऐकवले जाते. आईला ऐकवलेले आहे. माया असेल तर त्या वर्षी बाईंनी केलेले एखादे काम नाव घेऊन लिहावे. आम्हांला आलेल्या दुसऱ्या चिठ्ठीत असे होते : ‘पावसात लाइट गेली तेव्हा तुम्ही चार मजले चढून पाणी आणलेत.’ ती चिठ्ठी आईने तांदळाच्या डब्यात पुष्कळ वर्षे जपली. पैसे किती होते ते मला आता आठवत नाही.

जुना_हिशेबनीस

आता उचलीचे. यजमानांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण दिवाळीच्या तोंडावर मावशींना रोख पैसे लागतात. कर्जमुक्तीचा आनंद त्या आठवड्यात उपयोगाचा नसतो. बोनस मिळणार हे धरून त्यांनी आधीच कोणाला तरी शब्द दिलेला असण्याचा संभव मोठा असतो. मी एका छोट्या कारखान्यात ३१ वर्षे पगाराचा हिशेब पाहिला. तिथे एका मालकांनी एकदा अग्रिमाची बाकी बोनसमधून कापली होती. लोकांनी पाकिटे घेतली, कोणी काही बोलले नाही, आणि दिवाळीनंतर पाच जण कामावर परतलेच नाहीत. पाचपैकी तिघे चांगले कारागीर होते.

बोनस आणि उचल हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते वेगळेच ठेवावेत. दरमहा ५०० प्रमाणे ४,००० फिटायला ८ महिने लागतील, तर लागू द्यावेत. आणि उचल कापलेली नाही, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. नाहीतर पूर्ण रक्कम पाहूनही मावशींना शंका राहते की, पुढच्या पगारातून जास्त कापणार की काय. पगाराचेही तसेच आहे. दिवाळी महिनाअखेरीस आली की पुष्कळ घरी पगार आणि बोनस एकाच पाकिटात घालतात. घेणाऱ्याला ते एकरकमी भरपूर वाटतात, खर्च होऊन जातात, आणि मग पुढच्या पगारापर्यंतचे दिवस संपता संपत नाहीत. पगार लवकर द्यायचा असेल तर तो वेगळ्या पाकिटात द्यावा आणि पुढचा कोणत्या तारखेला मिळेल ते त्यावर लिहावे.

शेवटी एक साधा प्रश्न विचारतो. पाकिटावर नाव काय लिहिणार आहात?

अबोली

हिशेबनीस काका, तुमचा प्रश्न वाचून मी फोन उघडला. त्यात त्यांचा नंबर ‘मावशी भांडी’ या नावाने आहे. ६ वर्षांत त्यांचे आडनाव मी कधी विचारलेच नव्हते. आज विचारले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “कशाला हवंय, रेशनकार्ड काढताय का?” नाव मिळाले आहे. यजमानांना रानजाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. उचल कापण्याचा विषय आता मागे पडला आहे.

प्रवासी_दादर

ड्रायव्हरचा विषय निघाला म्हणून माझी अडचण मांडतो. आमचा ड्रायव्हर एजन्सीकडून येतो. मी दरमहा एजन्सीला पैसे देतो आणि त्याला पगार ती देते. एजन्सीचे म्हणणे असे की, बोनस द्यायचा तर तो त्यांच्याकडे द्यावा, ते त्याच्यापर्यंत पोचवतील. मला त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्हांला नातेवाइकांकडे जायचे असते आणि तो दर वर्षी निमूटपणे येतो. त्याला काय लिहावे?

मिलिंद_ठाम

एजन्सीने बोनस द्यायला हवा, तुम्ही देऊ नका. नाहीतर एजन्सीला सवय लागेल.

जुना_हिशेबनीस

एजन्सीकडे वीस किंवा अधिक माणसे असतील तर मिलिंदरावांचे म्हणणे इथे खरोखर लागू पडू शकते. पण तो वाद तुमच्या आणि एजन्सीच्या मधला आहे, त्यात ड्रायव्हरची दिवाळी अडकवू नये. त्याच्या हातात थेट द्यावे आणि चिठ्ठीत लिहावे की, हे आमच्याकडून आहे आणि एजन्सीकडून तुम्हांला जे मिळायचे ते वेगळे आहे. ‘वेगळे आहे’ हे लिहिले नाही, तर एजन्सी त्याला म्हणू शकते की, साहेबांनी दिले ना, मग आता आमच्याकडे काय मागतोस.

लक्ष्मीपूजनाबद्दल मात्र मी कठोर बोलणार आहे. त्याच्याही घरी त्याच मुहूर्तावर पूजा असते. चिठ्ठीत आभार मानून त्याच संध्याकाळी त्याला गाडीत बसवायचे, हे मला पटत नाही. त्या दिवशी टॅक्सीने जावे आणि चिठ्ठीत लिहावे की, लक्ष्मीपूजनाला येऊ नका. त्याला ते वाक्य रकमेपेक्षा जास्त वेळ वाचावेसे वाटेल, असा माझा अंदाज आहे.

प्रवासी_दादर

सोबत वृद्ध आई असते, टॅक्सीत तिला चढता येत नाही. तरी विचार करतो.

गौरी_दामले

एक शंका आहे. चिठ्ठीत रक्कम लिहावी का? मला ते पावती फाडल्यासारखे वाटते. कृतज्ञतेच्या शेजारी आकडा बरा दिसत नाही.

जुना_हिशेबनीस

माझ्या मते लिहावी. घरी पोचेपर्यंत पाकीट दोन-तीन हातांतून जाते, फाटकावर कोणी पिशवी तपासते, घरात मुले उघडतात. त्यात किती होते आणि कशाचे होते, हे मावशींच्या हाताशी लेखी असलेले बरे.

रानजाई

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. माझे वडील चिठ्ठी वाचू शकत होते. आकडा लिहिलेला असता तर आईने दोनशे रुपये बाजूला काढून ठेवणे शक्यच झाले नसते. आणि फोनवरून पैसे पाठवणे त्याहून अवघड आहे, कारण कितीतरी बायकांचा नंबर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असतो. रोख द्यावे की खात्यावर, आकडा लिहावा की नाही, हे बाईंनाच एकटीला गाठून विचारावे. बाकीचे सगळे आपण ठरवतो, निदान एवढे तरी त्यांना ठरवू द्यावे.

जुना_हिशेबनीस

हा मुद्दा मला सुचला नव्हता. कारखान्यात पाकीट माणसाच्या हातात पडले की आमचे काम संपत असे. तरीही ज्यांना अशी अडचण नाही त्यांच्याबाबतीत माझे मत कायम आहे.

अबोली

मी विचारले. मावशी म्हणाल्या, “लिहा की, मला काय चोरून न्यायचंय?” म्हणून आकडा लिहिला आहे. धनत्रयोदशीच्या ९ दिवस आधी, घरात पाहुणे नसताना, पाकीट दिले. त्याच दिवशी कपाट आवरून जुन्या साड्या निघाल्या होत्या, त्या मुद्दाम दिल्या नाहीत. त्या नंतर विचारून देईन. अंतिम चिठ्ठी अशी आहे. वर त्यांचे पूर्ण नाव लिहिले होते, ते इथे देत नाही.

> सौ. …… यांना,
>
> दिवाळीच्या शुभेच्छा.
>
> या पाकिटात ४,५०० रुपये आहेत. हा तुमच्या वर्षभराच्या कामाचा दिवाळी बोनस आहे. महिन्याचा पगार वेगळा आहे. तो नेहमीसारखा १ तारखेला मिळेल. जूनच्या उचलीचे पैसे यातून कापलेले नाहीत. त्याचा हप्ता पूर्वीसारखाच ५०० रुपये राहील.
>
> ऑगस्टमध्ये मी आठ दिवस तापाने पडून होते. तुम्ही रोज आल्यावर आधी मला गरम पाणी दिले आणि मग कामाला लागलात. ते माझ्या लक्षात आहे. तुमचे आभार.
>
> लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज हे तीन दिवस तुम्हांला सुट्टी आहे. तिचे पैसे कापणार नाही.
>
> अबोली

‘पुढेही अशीच सेवा कराल’ हे वाक्य काढून टाकले. वर्षाचे काम झाले आहे, त्याचे पैसे देताना पुढची अट कशाला, असे यजमानच म्हणाले.

सदाशिवपंत

चिठ्ठी वाचली. आमच्या छापील मजकुरात ‘सेवा’ हा शब्द तीनदा आला आहे, हे आज मोजले.

गौरी_दामले

मग मावशी काय म्हणाल्या?

अबोली

पाकीट त्यांनी माझ्यासमोर उघडले नाही, कमरेला खोचले आणि पोळ्या करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या चिठ्ठी हातात घेऊनच. मुलीने वाचून दाखवली म्हणाल्या. मग बोट ठेवून विचारले, “हे उचलीचं असं का लिहिलंत? मीच सांगणार होते, यातले दोन हजार कापून घ्या म्हणून. अंगावर पैसे राहिले की मला झोप लागत नाही.” आणि त्यांनी खरोखरच २,००० रुपये ओट्यावर ठेवले. मी नको नको म्हणत राहिले. आता ते पैसे डब्याखाली तसेच आहेत. घ्यावेत की परत करावेत, हे मला कळत नाही. यजमान ‘मी सांगत होतो’ अशा चेहऱ्याने फिरत आहेत.

रानजाई

घ्यावेत. कापून घेणे आणि तिने आणून देणे यांत फरक आहे. वहीत तिच्यासमोर तारीख घालून २,००० जमा लिहावेत, बाकी २,००० राहिली हे तिला दाखवावे, आणि हप्ता पुढे चालू ठेवायचा की दिवाळीनंतर एक महिना थांबायचे, ते तिला विचारावे.

जुना_हिशेबनीस

वही आहे ना तुमच्याकडे?

अबोली

कॅलेंडरवर लिहीत होते. आज वही आणते.